शंभर किलोमीटरची शिदोरी

पुण्याहून शिरवळला जाऊन परत आलं की सायकलच्या मीटरवर साधारण शंभर किलोमीटर भरतात. स्वारगेटहून निघायचं, जुना कात्रज घाट चढायचा, खेड शिवापूर आणि कापूरहोळ मागे टाकत शिरवळ गाठायचं आणि आल्या वाटेनं घरी परतायचं. पहिली सेंच्युरी करायला निघालेल्यांच्या आवडीचा हा रस्ता आहे. (इंग्लंड-अमेरिकेत सेंच्युरी म्हणजे शंभर मैल. आपल्याकडे शंभर किलोमीटर, आणि पहिल्या खेपेला तेवढे पुरेसे आहेत.) जाताना सगळे मजेत असतात. परतताना सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास एखाद्याची सायकल हळूहळू मागे पडू लागते. पाय फारसे दुखत नसतात, दमही लागलेला नसतो, तरी पेडल फिरत नाही. माणूस चिडचिडा होतो, उन्हातही अंगावर शिरशिरी येते, गिअर वर टाकायचा की खाली हेसुद्धा चटकन सुचत नाही. सायकलवाले याला ‘बाँक झाला’ म्हणतात.

अशा वेळी ‘पायांत ताकद कमी पडली’ असं बहुतेकांना वाटतं आणि पुढचे तीन महिने ते आणखी जोरात सायकल मारतात. खरं कारण वेगळं असतं. अंगातली साखर संपलेली असते.

सायकल चालवताना शरीर मुख्यतः दोन इंधनं वापरतं, चरबी आणि साखर. साखर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवलेली असते. हा साठा बेताचाच, दोन्हीकडचा मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे फार तर दोन हजार कॅलरी. त्यातही एक अडचण आहे. स्नायूतली साखर त्या स्नायूतच वापरली जाते, ती रक्तात परत सोडता येत नाही. दंडात साठलेली साखर मांडीच्या मदतीला येत नाही. यकृतातली जेमतेम शंभर ग्रॅम साखर तेवढी रक्तात उतरते, आणि तिच्यावर मेंदूचाही हक्क असतो. रात्रभराच्या उपासात तीही बरीचशी खर्च झालेली असते. चरबीची मात्र ददात नाही. सडपातळ माणसाच्या अंगावरही सत्तर हजार कॅलरींच्या घरात चरबी सहज असते.

आता ढोबळ हिशोब मांडू. आरामात चालवणाऱ्याला ताशी चारशे कॅलरी लागतात असं धरलं, तर पाच तासांना दोन हजार होतात. या वेगाला निम्मी ऊर्जा चरबीतून आली, तर साखरेतून हजार कॅलरी, म्हणजे अडीचशे ग्रॅम साखर लागली. हे निभण्यासारखं आहे. तोच माणूस ग्रुपमधल्या वेगवान मंडळींच्या मागे लागून ताशी सहाशे कॅलरी खर्च करू लागला, तर खर्च तर वाढतोच, शिवाय त्यातला ऐंशी टक्के साखरेतून येऊ लागतो. ताशी एकशेवीस ग्रॅम. तीन तासांत साठा तळाला. तीन तासांनी हा गडी शिरवळ सोडून परतीच्या वाटेला लागलेला असतो.

म्हणजे पहिल्या शंभर किलोमीटरची तयारी ही मुळात साखर जपायची तयारी आहे. ती तीन ठिकाणी होते. महिनोन्‌महिने हळू चालवल्यानं स्नायूंना चरबी जाळायची सवय लागते, पेडल हलक्या गिअरवर फिरवल्यानं साखरेची उधळण कमी होते, आणि चालवता चालवता खाल्ल्यानं साठ्यात भर पडते.

हळू चालवण्याची गोष्ट लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. आपल्या स्नायूंत दोन जातीचे तंतू असतात. सावकाश आकुंचन पावणारे तंतू चिवट असतात आणि चरबीवर छान चालतात. जोराचे तंतू लवकर थकतात आणि साखर भराभर खातात. संथ वेगात काम जवळजवळ पूर्णपणे पहिल्या जातीवर पडतं. तासन्‌तास ते करत राहिलं की या तंतूंमधले मायटोकाँड्रिया, म्हणजे प्राणवायूच्या मदतीनं चरबी जाळणारे पेशीतले सूक्ष्म घटक, वाढतात. तंतूंभोवतीच्या केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. रक्तातलं पाणी वाढून हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. या शेवटच्या बदलाला काही दिवस ते दोन आठवडे पुरतात. मायटोकाँड्रियाला काही आठवडे आणि केशवाहिन्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. घाई करून हे होत नाही. ‘बेस बांधणं’ म्हणतात ते हेच.

हळू म्हणजे नेमकं किती, याचं उत्तर स्पीडोमीटर देऊ शकत नाही, कारण चढ, वारा आणि ऊन रोज वेगळं असतं. उत्तर श्वास देतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात, मधे धाप न टाकता बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. गाणं निवांत म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. घड्याळात किंवा छातीच्या पट्ट्यावर ठोके दिसत असतील तर तेही बघावेत, पण ‘220 वजा वय’ या सूत्रावर फार विसंबू नये. एखाद्या माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. फिल मॅफेटोन यांचं ‘180 वजा वय’ हे सूत्रही ढोबळच आहे, पण वरची मर्यादा म्हणून नवख्याला उपयोगी पडतं. श्वास आणि आकडा यांचं जुळलं नाही तर श्वासाचं ऐकावं. हृदयाचा आजार, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. गोळ्यांमुळे ठोक्यांचा हिशोब पूर्ण बदलू शकतो.

स्टीफन सायलर हे नॉर्वेत काम करणारे संशोधक. अव्वल दर्जाच्या खेळाडूंचा सराव तपासताना त्यांना दिसलं की त्यांची साधारण ऐंशी टक्के सत्रं हलक्या वेगाची असतात. हौशी माणूस बरोबर उलटं करतो. त्याची प्रत्येक राइड ना धड हळू, ना धड जोरात. दमणूक भरपूर होते, चरबीचं यंत्र मात्र तसंच अर्धवट राहतं. आठवड्याला जेमतेम चार-पाच तास मिळत असतील तर नुसत्या संथ सरावानं प्रगती हळू होते, हे मान्य केलं पाहिजे. पण पहिल्या शंभरासाठी लागणारी गोष्ट त्यातूनच मिळते. थोडं जोरातलं काम करायचंच असेल तर बेस बसल्यावर, आठवड्यातून एकदा करावं.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेनं गेल्या हंगामात हे कसं केलं ते सांगतो. वय 43, वजन 62 किलो, साधी हायब्रिड सायकल. तोवर सगळ्यात लांबची राइड पंचवीस किलोमीटरची. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात त्यांनी सुरुवात केली. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी तासभर, रविवारी लांब. ठोके 135 च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, असं ठरलं. पहिल्याच रविवारी त्या वैतागल्या. “दादा, अहो शाळेतली पोरं मला ओव्हरटेक करून गेली आज. हा काय वेग झाला?”

“जाऊ देत ना, ताई. त्यांच्याशी बोलता आलं असतं का तुम्हाला?”

“चांगलं रागावता आलं असतं.”

“मग वेग बरोबर आहे.”

रविवारचं अंतर तीस किलोमीटरपासून दर आठवड्याला पाच-सहानं वाढवत नेलं. तीस, छत्तीस, बेचाळीस. मग चौथ्या आठवड्याला परत तीस. ही माघार मुद्दाम घेतलेली असते, कारण शरीराची बांधणी विश्रांतीत होते. पुढे बावन्न, अठ्ठावन्न, पुन्हा एक हलका आठवडा, आणि अकराव्या आठवड्यात ऐंशी. त्यापुढे सरावात जायची गरज नसते. ऐंशी किलोमीटर नीट खात-पीत, बोलत पार करणारा माणूस शंभर करतो. रविवारी कुणी बोलावलं तरी त्या वेगवान ग्रुपबरोबर जात नसत. घाटात ठोके वर जायचेच, म्हणून सुरुवातीचे दोन महिने त्यांनी सोलापूर रस्त्याचा उरुळी कांचनकडचा सपाट पट्टा धरला. घाट नंतर आणला.

बेस बसतोय की नाही हे कळायला एक सोपी चाचणी आहे. सपाट रस्त्यावर दीड तास एकाच वेगानं चालवायचं आणि पहिल्या पाऊण तासाचे सरासरी ठोके दुसऱ्या पाऊण तासाच्या ठोक्यांशी ताडून बघायचे. बेस कच्चा असेल तर वेग तोच असूनही ठोके वर सरकत जातात. बाईंचे चौथ्या आठवड्यात 128 वरून 139 वर गेले होते, म्हणजे साडेआठ टक्क्यांची वाढ. दहाव्या आठवड्यात 127 वरून 132. वाढ पाच टक्क्यांच्या आत राहिली की त्या अंतरापुरता पाया पक्का समजायला हरकत नाही. मात्र दोन्ही चाचण्या पहाटेच्या सारख्याच गारव्यात हव्यात आणि पाणी पुरेसं प्यायलेलं हवं. उन्हात आणि तहानेत ठोके कुणाचेही चढतात. मधल्या काळात त्याच 130 च्या आसपासच्या ठोक्यांना त्यांचा सपाटीवरचा वेग ताशी 18 वरून 21 झाला होता. वेग वाढवायचा प्रयत्न त्यांनी केलाच नव्हता.

आता कॅडन्स, म्हणजे पेडल मिनिटाला किती फेरे घेतं ते. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजायचं आणि चारनं गुणायचं. त्यासाठी सेन्सर लागत नाही. नवखा माणूस बहुधा पंचावन्न-साठवर असतो. जड गिअरवर ‘जोर लागतोय’ असं वाटतं आणि ते बरंही वाटतं.

बाईंच्या सायकलवरच हिशोब करून बघू. पुढे 48, 38 आणि 28 दात्यांची तीन चक्रं, मागे 14 ते 28 दात्यांचं फ्रीव्हील. चाकाचा घेर साधारण 2.15 मीटर. पुढे 48 आणि मागे 18 टाकलं तर पेडलच्या एका फेऱ्याला सायकल पावणेसहा मीटर पुढे जाते आणि ताशी वीसच्या वेगाला कॅडन्स 58 पडतो. पुढे 38 आणि मागे 20 केलं तर एका फेऱ्याला चार मीटरच्या थोडं वर आणि कॅडन्स 82. वेग तोच, काम तेवढंच, पण प्रत्येक फेऱ्याला पायावर पडणारा जोर जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. जोर जास्त लागला की शरीराला जोराचे तंतू कामाला जुंपावे लागतात, आणि ते साखर खातात. शिवाय गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. हलक्या गिअरवर हा भार हृदयावर आणि फुप्फुसांवर सरकतो, आणि ती पायांपेक्षा लवकर सावरतात.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. प्रयोगशाळेत मोजलं तर हलक्या कामासाठी सगळ्यात कमी प्राणवायू साठ-सत्तरच्या कॅडन्सला लागतो. नुसते पाय फिरवायलाही ऊर्जा लागते. म्हणून नवख्यानं शंभरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ऐंशी ते नव्वद हा पट्टा पाच तासांसाठी चांगला तोडगा आहे. चढाला सत्तर चालेल. एकदम तिथे उडी मारली तर माणूस सीटवर उसळायला लागतो. पाय खाली पोचल्यावरही तो दाबतच राहतो, म्हणून ही उसळी येते. उपाय असा, की गुरुवारच्या तासात दर पाच मिनिटांतलं एक मिनिट एक गिअर हलका करून पंचाण्णवपर्यंत न्यायचं, उसळी सुरू झाली की दोन-तीननं खाली यायचं आणि उरलेली चार मिनिटं आपल्या नेहमीच्या लयीत जायचं. खांदे सैल, पकड सैल. बाईंना साठवरून ऐंशीला यायला दीड महिना लागला. मांड्या शांत पण ठोके थोडे चढलेले, असं पहिले काही आठवडे होतं आणि मग मिटतं. तरीही उसळी जात नसेल तर सीट बहुधा जास्त उंच असते. टाच पेडलवर ठेवून पाय पूर्ण खाली नेला की गुडघा जेमतेम सरळ व्हावा, कंबर त्या बाजूला कलू नये.

तिसरी गोष्ट खाण्याची, आणि बेस चांगला असलेले लोकही इथेच घसरतात. भूक लागल्यावर खायचं ही घरची सवय सायकलवर कामाची नाही. भूक कळते तोवर साठा उतरलेला असतो, आणि त्या अवस्थेत पोट पचवायलाही कुरकुरतं. निघाल्यापासून अर्ध्या तासात पहिला घास पोटात जावा आणि मग दर वीस-तीस मिनिटांनी थोडं थोडं. दीड-दोन तासांपेक्षा लांब राइडला ताशी तीस ते साठ ग्रॅम साखर किंवा पिष्ट लागतं. आपल्या हिशोबाला चाळीस ग्रॅम धरू.

चाळीस ग्रॅम म्हणजे काय, ते बाईंनी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून बघितलं होतं. पाऊण लिटरच्या बाटलीत सात सपाट चमचे साखर, एका लिंबाचा रस आणि पाव चमचा मीठ. एवढ्यात साखर अठ्ठावीस ग्रॅम होते आणि चवीला ते नेहमीच्या लिंबू सरबतापेक्षा पातळ लागतं. असंच पातळ हवं. घट्ट सरबत पोटात रेंगाळतं आणि गडगड करतं. ताशी यातलं अर्धा लिटर पोटात गेलं की एकोणीस ग्रॅम झाले. उरलेल्यासाठी एक मध्यम केळं, किंवा चार लहान खजूर, किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा, किंवा पाच-सहा ग्लुकोज बिस्किटं. पाठीमागच्या खिशात एका बाजूला खजूर आणि दुसऱ्या बाजूला बटाटे, दोन्ही सोललेले. चालत्या सायकलवर एका हातानं बी काढत बसायची वेळ येऊ नये. चिक्की चांगली, पण शेंगदाण्यातलं तेल पचायला वेळ घेतं, म्हणून तुकडाभरच. खेड शिवापूरजवळ मिसळ आणि वडापाव खुणावतात. त्यांचा मोह शेवटच्या टप्प्यानंतरसाठी राखावा, कारण तेलकट खाल्लं की रक्त पोटाकडे वळतं आणि पाय जड होतात.

ओआरएसबद्दल एक गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. पाणी आणि मीठ भरून काढायला ते उत्तम, पण ते जेवण नव्हे. नुसतं साधं पाणी घटाघटा पीत राहणंही धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. किती घाम जातो ते एकदा मोजून बघावं. तासभराच्या राइडआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. अर्धा किलो कमी झालं आणि अर्धा लिटर प्यायलं होतं, तर घाम लिटरभर गेला. डिसेंबरच्या पहाटेचा आकडा आणि मार्चच्या दुपारचा आकडा यांत दुपटीचा फरक पडू शकतो. गेलेला सगळा घाम भरून काढायची गरज नसते.

हे सगळं पहिल्यांदा सेंच्युरीच्या दिवशी करू नये. पोटालाही सराव लागतो. चालता चालता चाळीस ग्रॅम पचवायला ते काही आठवड्यांत शिकतं, म्हणून लांबच्या प्रत्येक रविवारी तेच सरबत आणि तेच खजूर. बाईंना पहिल्यांदा बटाट्यानं ढेकर आले, मग बटाटा शिरवळच्या थांब्यापुरता ठेवला.

जानेवारीतल्या एका रविवारी त्या निघाल्या. आदल्या आठवड्यात हलक्याच राइड, आदल्या रात्री नेहमीपेक्षा थोडा जास्त भात, पहाटे चारला पोहे आणि चहा, साडेपाचला पेडलवर पाय. पुढे-मागे दिवे, हेल्मेट, जादा ट्यूब आणि पंप. कात्रज पहिल्या दहा-बारा किलोमीटरच्या आतच येतो आणि तिथेच बहुतेकांचा दिवस बिघडतो, कारण अंगात जोर असतो आणि घाट चढताना कुणीतरी पुढे निघून जातं. बाईंनी पुढचं सगळ्यात लहान चक्र टाकलं, ठोके 145 पर्यंत जाऊ दिले, आणि दोन-तीन ठिकाणी ओळखीचे लोक पुढे जाताना त्यांना “या मागून” म्हटलं. शिरवळला वीस मिनिटं थांबून बाटल्या भरल्या. परतताना वारा समोरून होता. तिथे त्यांनी वेग 21 वरून 17 वर येऊ दिला आणि कॅडन्स ऐंशीच ठेवला. पंच्याहत्तराव्या किलोमीटरला घड्याळात 134 ठोके दिसत होते. शिंदेवाडीनंतरच्या चढाआधी त्यांनी अर्धं केळं आणि दोन बिस्किटं खाल्ली, कारण चढावर चावायला जमत नाही. सायकल चालली ती सव्वापाच तासांच्या आसपास, थांबे धरून साडेसहा.

वाटेत बाँक झालाच तर हिंमत गोळा करून उपयोग नसतो. उतरायचं, सावलीत बसायचं, साखरेचं पाणी किंवा उसाचा रस घ्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काही करायचं नाही. डोकं ताळ्यावर आलं की सगळ्यात हलक्या गिअरवर पुढे निघायचं. त्या दिवशी वेग परत येत नाही, घरी मात्र पोचता येतं. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बोलणं अडखळू लागलं तर तो बाँक आहे असं गृहीत धरायचं नाही. गाडी बोलवायची आणि दवाखाना गाठायचा.

घरी आल्यावर तासाभरात वरण-भात किंवा खिचडी, सोबत दही. रिकाम्या झालेल्या स्नायूंत साखर सगळ्यात वेगानं भरली जाते ती या वेळात. पुरती भरायला मात्र दिवसभर लागतो. पुढचे दोन दिवस सायकलला सुट्टी, तिसऱ्या दिवशी अर्धा तास हलकी. सकाळी उठल्याउठल्याचे ठोके नेहमीपेक्षा सात-आठनं जास्त असतील तर तीही पुढे ढकलावी.

बाईंनी आता दोनशे किलोमीटरच्या बीआरएमचं मनावर घेतलं आहे. त्याला साडेतेरा तासांची मुदत असते, म्हणजे थांब्यांसकट ताशी पंधराची सरासरी पुरते. वेग त्यांच्याकडे आजच आहे. सरावातली रविवारची राइड शंभर-सव्वाशेपर्यंत न्यायची, अंधारात चालवायची सवय करायची आणि ताशी चाळीस ग्रॅमचे पन्नास करून बघायचे, एवढं काम पुढच्या ऑक्टोबरासाठी ठरलं आहे.